पिन बसली, पण आवाज कुठंय?

सोसायटीच्या गणपतीत दोन प्रकारची माणसं कधीच सुटत नाहीत. एक, ज्याच्याकडे शिडी आहे. दुसरा, ज्याला ‘मोबाईलमधलं कळतं’. माझ्याकडे शिडी नाही, म्हणून दरवर्षी भजनाच्या रेकॉर्डिंगचं काम माझ्याकडे येतं. काम सांगण्याची पद्धतही ठरलेली आहे: “अरे, काही नाही रे, मिक्सरमधून डायरेक्ट घ्यायचं. एक पिन तर लावायची!”

ही ‘एक पिन’ या विषयातली सगळ्यात महाग थाप आहे. फोन नुसता खुर्चीवर ठेवून रेकॉर्ड केला तर काय मिळतं ते सगळ्यांना माहीत आहे. डोक्यावरचा पंखा, वेफर्सच्या पिशव्या, मागच्या रांगेत चाललेली पार्किंगची चर्चा, आणि या सगळ्याच्या पलीकडे, शेजारच्या गल्लीत असावेत तसे बुवा. म्हणून मिक्सरमधून वायर घ्यायची ही कल्पना योग्यच आहे. फक्त मिक्सर आणि फोन ही दोन वेगळ्या संस्कारांत वाढलेली स्थळं आहेत. पिन बसली म्हणजे पत्रिका जुळली असं होत नाही.

पहिला मुक्काम अर्थातच पुण्यात पासोड्या विठोबा किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोड. तिथं “मिक्सरमधून मोबाईलला जोडायची पिन द्या” म्हटलं की दुकानदार तोंडातून शब्द पडायच्या आत एक वायर काउंटरवर टाकतो. एका टोकाला लाल-पांढऱ्या आरसीए पिना, दुसऱ्या टोकाला ३.५ मिलिमीटरची पिन. “हीच चालते, सगळे हीच नेतात.” सगळे नेतात हे खरं. सगळ्यांचं रेकॉर्डिंग येत नाही हेही खरं.

त्या ३.५ च्या पिनकडे नीट पाहावं. तिच्यावर काळ्या रेषा किती आहेत ते मोजावं. दोन रेषा म्हणजे तीन भाग: टोकाला डावा आवाज, मधल्या कडीला उजवा, मुळाशी अर्थ, म्हणजे विजेचं अर्थिंग. ही गाणी ऐकायची पिन. तिला टीआरएस म्हणतात. तीन रेषा म्हणजे चार भाग, टीआरआरएस. यात टोक डावं, पहिली कडी उजवी, दुसरी कडी अर्थ आणि मुळाचा भाग माइक. आजचे जवळजवळ सगळे फोन हाच क्रम मानतात आणि त्याचं नाव सीटीआयए. पूर्वीच्या काही फोनमध्ये शेवटचे दोन भाग उलटे असत, म्हणजे आधी माइक आणि मग अर्थ, त्याला ओएमटीपी म्हणत. ड्रॉवरमधला एखादा खूप जुना हेडफोन नव्या फोनला लावल्यावर गायक गायब होऊन मागचं संगीत तेवढं ऐकू येतं, त्यामागे बहुधा हीच उलटापालट असते.

आता दुकानदाराची वायर आठवा. तिच्यावर दोन रेषा आहेत, म्हणजे माइकचा भागच नाही. ती फोनमध्ये खोचली तर मिक्सरचा आवाज फोनच्या हेडफोनच्या वाटेवर जाऊन उभा राहतो. तिथून आवाज बाहेर यायचा असतो. बाहेर येणाऱ्या दारातून आत जाण्याचा हा प्रयत्न लोकलच्या प्रवाशांना परिचित असला तरी इलेक्ट्रॉनिक्समध्ये तो यशस्वी होत नाही. शिवाय पिनचा मुळाचा भाग फोनच्या माइकच्या आणि अर्थच्या दोन्ही टोकांना एकदम टेकतो. फोन समजतो, बिनमाइकचा हेडफोन लागला, आणि गुपचूप स्वतःचा अंगचा माइक चालू ठेवतो. रेकॉर्डिंग व्यवस्थित होतं. पंख्याचं.

मग लोक ‘वाय’ आकाराचा स्प्लिटर आणतात. तो दोन प्रकारांत मिळतो आणि दोन्ही दिसायला जुळे भाऊ. एकात एका हेडफोनचे दोन हेडफोन होतात, एसटीत दोघांनी मिळून गाणी ऐकण्यासाठी. दुसऱ्यात हेडफोन आणि माइक वेगळे होतात. आपल्याला दुसरा हवा. त्याच्या एका भोकाजवळ माइकचं चित्र असतं आणि पिनवर तीन रेषा असतात. चित्र नसेल, रेषा दोन असतील, तर तो दुसऱ्याच संसाराचा आहे.

इथपर्यंत आलात तर पिनचा प्रश्न सुटला आणि फोनच्या स्वभावाचा सुरू झाला.

फोन अतिशय संशयी असतो. त्याच्या माइकच्या टोकाला काही लागलं की तो आधी तिथं साधारण दोन-अडीच व्होल्टचा दाब सोडतो आणि पलीकडून किती रोध येतो ते तपासतो. हेडफोनचा छोटा माइक या दाबावरच चालतो, त्यामुळे हा दाब असणं चूक नाही. पण हेडफोनच्या वायरवरची बटणंही याच तारेवर असतात. अँड्रॉइडच्या हेडसेटच्या नियमानुसार ७० ओहमपेक्षा कमी रोध दिसला तर कुणीतरी गाणं चालू-बंद करायचं बटण दाबलंय, २१० ते २९० ओहम म्हणजे आवाज वाढवायचं, ३६० ते ६८० म्हणजे आवाज कमी करायचं. हजार ओहमच्या वर दिसलं तरच तो म्हणतो, हां, हा माइक.

स्टेजवर वापरतात तो साधा डायनॅमिक माइक, म्हणजे बुवांच्या हातातला जाळीचा, आत एक गुंडाळी घेऊन बसलेला असतो. तिचा रोध हजाराच्या कितीतरी खाली असतो. असा माइक दोन-तीन कन्व्हर्टर लावून सरळ फोनमध्ये खोचला की फोनला वाटतं, कुणीतरी बटण दाबून धरलंय. मग आवाजाची पट्टी आपोआप सरकायला लागते, नाहीतर मध्येच गाणं सुरू होतं, आणि मंडळाचे अध्यक्ष ठामपणे सांगतात की फोनला व्हायरस लागलाय. व्हायरस नाही. फोनने ओहम मोजले आणि आपल्या समजुतीप्रमाणे आज्ञा पाळली. इतकं आज्ञाधारक घरात दुसरं कुणी नसतं.

मिक्सर लावला तर याच्या उलटं होऊ शकतं. बऱ्याच मिक्सरच्या बाहेर येणाऱ्या वाटेवर कपॅसिटर असतो, तो फोनचा स्थिर दाब अडवतो. फोनला पलीकडे कुणी दिसतच नाही आणि तो परत स्वतःच्या माइकवर येतो. म्हणजे पुन्हा पंखा.

आणि समजा फोनने मिक्सर ओळखला, तरी खरा घोळ पुढेच आहे, तो ताकदीचा. फोनच्या माइकच्या वाटेला काही मिलिव्होल्टची सवय असते. मिक्सरच्या, रेकॉर्डिंगसाठी दिलेल्या लाल-पांढऱ्या रेक आउटमधून साधारण ३०० मिलिव्होल्ट येतात आणि स्पीकरकडे जाणाऱ्या मोठ्या मेन आउटमधून सव्वा व्होल्टच्या आसपास. कानात कुजबूज ऐकायला टेकलेल्या माणसाच्या कानात ढोल वाजवावा तसं हे आहे. आवाज फाटतो. आपण ॲपमध्ये आवाज कमी करतो, फाटलेला आवाज कमी होऊन तसाच फाटका राहतो, कारण फाटण्याची जागा आधीची आहे. हे ओळखायची खूण सोपी आहे: रेकॉर्डिंगच्या लाटांचं चित्र बघावं. लाटा पडद्याच्या मध्यापर्यंतच पोचतायत आणि तरी त्यांची डोकी कात्रीने कापल्यासारखी सपाट आहेत, तर दोष ॲपच्या अलीकडे आहे.

इथं एक गोष्ट थट्टा बाजूला ठेवून सांगतो. देवळांत आणि छोट्या हॉलमध्ये मिक्सर आणि ॲम्प्लिफायर एकाच खोक्यात असतो. त्याच्या मागे स्क्रूच्या पट्टीवर COM, 8Ω, 100V असं लिहिलेलं असतं. ती स्पीकरची जागा आहे. १०० व्होल्टच्या लाइनवर मोठ्या आवाजात खरोखर तेवढ्या व्होल्टचा दाब येतो. “तिथून पण आवाज येतोच की” असं म्हणून कुणी तिथं वायर लावली तर फोन जाईल, आणि वायर हातात धरणाऱ्यालाही चांगलाच प्रसाद मिळेल. घ्यायचं ते LINE OUT, REC OUT किंवा AUX OUT असं लिहिलेल्या जागेवरूनच.

आता रेक आउटच्या ३०० मिलिव्होल्टचे सहा-सात मिलिव्होल्ट करायचे आहेत, आणि त्याच वेळी फोनला ‘मी माइक आहे’ असं पटेल एवढा रोध दाखवायचा आहे. दोन्ही कामं मिळून चार सुटे भाग करतात आणि त्यांची एकत्र किंमत एका कटिंगपेक्षा जास्त होत नाही. लाल तारेत १०० किलोओहमचा एक रेझिस्टर, पांढऱ्या तारेत तसाच दुसरा. त्यांची पलीकडची टोकं एकत्र करायची, कारण फोनच्या माइकला डावं-उजवं नसतं, एकच वाट असते. त्या जोडापुढे १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, आणि तो थेट टीआरआरएस पिनच्या मुळाच्या भागाला. शेवटी त्या मुळाच्या भागापासून अर्थच्या कडीपर्यंत २.२ किलोओहमचा एक रेझिस्टर, आणि लाल-पांढऱ्या दोन्ही वायरींच्या अर्थच्या तारा त्याच कडीला.

हिशेब असा. फोनला २.२ किलोओहम दिसतात, हजाराच्या वर, म्हणजे माइक, पटलं. कपॅसिटर स्थिर दाब अडवतो, म्हणून मिक्सरमुळे ही मोजणी बिघडत नाही. फोनच्या आत दाब सोडणारा रेझिस्टरही साधारण २.२ किलोओहमचा धरला, तर आवाजाच्या दृष्टीनं दोन्ही मिळून १.१ किलोओहम होतात. समोर दोन १०० किलोओहम शेजारीशेजारी, म्हणजे ५० किलोओहम. आवाज सुमारे शेहेचाळिसाव्या हिश्शावर येतो. ३०० भागिले ४६, साडेसहा मिलिव्होल्ट. झालं! मेन आउटवरून घ्यायचं असेल तर १०० च्या जागी ३९० किलोओहम घाला. लाल-पांढऱ्या तारा मात्र रेझिस्टरशिवाय नुसत्या एकमेकींना पिळून जोडू नयेत. मिक्सरची डावी-उजवी बाजू मग एकमेकींना ढकलत बसते, आणि मधल्या मध्ये आवाज बिघडतो.

ज्यांना सोल्डरिंग गन हातात घ्यायची नाही त्यांच्यासाठी असाच ताकद कमी करणारा तयार कनव्हर्टर मिळतो. मागताना ‘लाइन टू माइक, टीआरआरएस, मोबाईलसाठी’ हे तीनही शब्द सांगावे. एक गाळला तर परत पहिलीच वायर काउंटरवर पडेल.

एवढं करून फोनच्या जॅकमधून मिळतो तो एकाच वाटेचा, मोनो आवाज. भजनाला तो पुरतो. तरीही माझं मत विचाराल तर ही सगळी खटपट जुन्या, जॅकवाल्या, कपाटात पडलेल्या फोनसाठी ठीक आहे. नव्या फोनला तो जॅकच नसतो, आणि जे आहे त्या टाइप-सीच्या भोकातून यूएसबीची वाट जास्त सरळ आहे.

यूएसबीच्या वाटेवर मध्ये एक डबी लागते, ऑडिओ इंटरफेस. तिच्यात लाल-पांढऱ्या आरसीए जागा असतात, मिक्सरचा आवाज तिथं जसाच्या तसा जातो, आणि त्याचे आकडे तिथंच करून ती फोनला देते. फोनचा संशयी स्वभाव, ओहम, मिलिव्होल्ट, सगळं बाजूला राहतं. अँड्रॉइड ५ पासून अशी डबी फोन ओळखू शकतो, अट एकच: डबी ‘क्लास कंप्लायंट’ असावी, म्हणजे तिला वेगळं ड्रायव्हर सॉफ्टवेअर लागू नये. जॅकवाला तीन इंची ‘टाइप-सी टू ३.५’ कनव्हर्टर म्हणजे ही डबी नव्हे. त्यातले काही नुसत्या तारा असतात आणि ठरावीक फोनवरच चालतात. काहींत आवाज बाहेर काढायची सोय असते, आत घ्यायची नसते. दिसायला सगळे सारखेच पांढरे.

डबीला वीज फोनच देतो. साध्या आरसीएच्या डबीला ती पुरते. पण कंडेन्सर माइकसाठी ४८ व्होल्टचं बटण असलेली मोठी डबी घेतली तर ती जास्त मागते. मग एक तर फोन ‘जास्त वीज ओढली जातेय’ असा संदेश देऊन तिला बंद करतो, नाहीतर तिचा दिवा लागतो आणि बॅटरी संध्याकाळच्या नळाच्या पाण्यासारखी आटत जाते. अशा वेळी मध्ये बाहेरून वीज घेणारा यूएसबी हब लावावा आणि हबला पॉवर बँक.

डबीचा दिवा लागला म्हणजे सगळं झालं असं समजून टाळ्या वाजवणारे फार असतात. त्यांच्यासाठी मी नखपरीक्षा ठेवली आहे. रेकॉर्डिंग चालू करायचं आणि फोनच्या खालच्या कडेवर, माइकच्या बारीक भोकाशी नखानं खरखर करायची. दहा सेकंदांनी थांबवून ऐकायचं. खरखर मोठ्यानं ऐकू आली तर फोन अजून स्वतःच्याच माइकवर आहे, डबी शोभेची आहे. खरखर आली नाही आणि बुवांचं ‘हॅलो, चेक’ आलं, तर पास. कार्यक्रमाआधी ही परीक्षा घेतली नाही तर निकाल कार्यक्रमानंतर लागतो, आणि त्याला पुरवणी परीक्षा नसते.

नखपरीक्षेत नापास होण्याची दोन कारणं मुख्य. पहिलं, काही फोनमध्ये ओटीजी, म्हणजे बाहेरची यूएसबीची वस्तू जोडू देणारं सेटिंग, स्वतः चालू करावं लागतं. आणि दहा मिनिटं काही जोडलेलं नसेल तर ते स्वतःहून बंद पडतं. आपण दुपारी चारला ते चालू करतो, समाधानानं चहा पितो, आणि सात वाजता डबी जोडतो तेव्हा फोनचा आपल्याशी काही संबंध नसतो. म्हणून आधी डबी जोडायची, मग ओटीजी. दुसरं, फोनचं स्वतःचं कॅमेरा ॲप बऱ्याचदा बाहेरच्या डबीकडे ढुंकूनही पाहत नाही. व्हिडिओ हवाच असेल तर ‘ओपन कॅमेरा’ या मोफत ॲपच्या सेटिंगमध्ये Audio source या ठिकाणी External mic निवडता येतं. नुसता आवाज हवा असेल तर असं रेकॉर्डर ॲप घ्यावं ज्यात Unprocessed किंवा Raw असा पर्याय आहे. कारण नाहीतर फोन फोनवर बोलणाऱ्या माणसाचा आवाज समजून भजनाची साफसफाई करतो. त्याला टाळांचा झणत्कार हा गोंगाट वाटतो, तंबोऱ्याची अखंड आस ही पंख्याची घरघर वाटते, आणि दोन्ही पुसून तो स्वच्छ, निर्जीव असं काहीतरी हातात देतो. बुवा थांबले की मागचा आवाज हळूहळू फुगतो आणि गायला लागले की एकदम दबतो, असं ऐकू आलं तर ही फोनची समाजसेवा चालू आहे असं समजावं.

आता सगळ्यात फसवा प्रकार. यात रेकॉर्डिंग हेडफोनवर चांगलं वाजतं आणि मंडळाच्या ग्रुपवर टाकल्यावर तक्रारी येतात: “टाळ लांबून येतायत, बुवांचा तर आवाजच नाही.” पाठवणारा म्हणतो, तुमचा फोन खराब. ऐकणारे म्हणतात, तुझा. दोघांचेही फोन ठणठणीत असतात.

होतं ते असं. मिक्सरच्या मोठ्या, ६.३५ मिलिमीटरच्या भोकातून आवाज घेतला जातो. त्यासाठी दुकानात सहज मिळणारी वायर आणली जाते, एका बाजूला दोन रेषांची मोठी पिन, दुसऱ्या बाजूला लाल-पांढरं. आपल्याला वाटतं, डावं-उजवं आलं. पण मिक्सरचं ते भोक बहुधा बॅलन्स्ड असतं. तिथं टोकावर आवाज असतो आणि कडीवर तोच आवाज उलटा करून ठेवलेला असतो, एकाची लाट वर जाते तेव्हा दुसऱ्याची खाली. लांबच्या वायरमध्ये शिरलेली खरखर कापण्यासाठी ही युक्ती आहे आणि ती उत्तम आहे. पण आपल्या वायरनं टोक डाव्यात आणि कडी उजव्यात नेली. हेडफोनवर डाव्या कानाला बुवा, उजव्या कानाला उलटे बुवा. कानाला थोडं विचित्र, डोक्याबाहेर पसरल्यासारखं वाटतं, पण ऐकू येतं. एकाच स्पीकरचा फोन मात्र दोन्ही बाजूंची बेरीज करतो. अधिक एक आणि उणे एक, बेरीज शून्य. बुवा गेले. बुवांच्या माइकमध्ये जे जे होतं ते त्यांच्याबरोबर गेलं, आणि उरलं काय तर वायरीतली किरकोळ असमानता.

उपाय वायर बदलण्याचा आहे. एका रेषेची, म्हणजे मोनो, ६.३५ ची पिन आणि तिच्यातून निघणाऱ्या दोन आरसीए. तीत दोन्ही बाजूंना एकच सुलटा आवाज जातो. किंवा सरळ मिक्सरचं लाल-पांढरं रेक आउट वापरावं, ते बॅलन्स्ड नसतं. आणि रेकॉर्डिंग होऊन गेलं असेल तर घाबरू नये, बुवा फाइलमध्ये सुखरूप आहेत. कॉम्प्युटरवर ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडून ट्रॅकच्या मेनूतून Split Stereo to Mono करायचं, दोघांतला एक पुसायचा आणि उरलेला मोनो म्हणून पुन्हा काढायचा. बुवा परत येतात, आणि पाठवणाऱ्यानं या प्रकाराबद्दल चकार शब्द काढला नाही तरी चालतं.

ही परीक्षाही कार्यक्रमाआधी घेता येते. एक मिनिट रेकॉर्ड करा, आणि हेडफोन काढून फोनच्या नुसत्या स्पीकरवर ऐका. डबी फोनला जोडलेली असेपर्यंत आवाज डबीकडेच जातो, म्हणून ऐकण्याआधी डबी काढायला विसरू नका. मग ती परत जोडायला विसरू नका. मग ओटीजी.

राहिली घरघर. सगळं बरोबर आहे, नखपरीक्षा पास, बुवा सुलटे, पण आवाजाखाली एक सलग गुणगुण चालू आहे, जणू भ्रमर अभंगात येऊन बसलाय. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ही गुणगुण ५० ची किंवा तिच्या पटीतली असते. शंभरातल्या बहुतेक वेळा, हा माझा अंदाज आहे, गुन्हेगार फोनचा चार्जर असतो. मिक्सर एका सॉकेटवर अर्थसह, फोन दुसऱ्या सॉकेटवर दोन पिनांच्या चार्जरवर, आणि मधून आपली वायर. चार्जरमधून थोडीशी वीज पाझरत असते, तिला मिक्सरच्या अर्थपर्यंत जायला आपल्या वायरीचा रस्ता मिळतो. चार्जर काढून पाहा. गुणगुण गेली तर तोच. मग चार्जरऐवजी पॉवर बँक लावायची. ती भिंतीला बांधलेली नसते. तरीही गुणगुण राहिली तर मध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर लावावा. त्यात दोन छोटे ट्रान्सफॉर्मर असतात, आवाज पलीकडे जातो, तारेतून तारेला स्पर्श होत नाही. स्वस्तातला घेतला तर पखावाजाचा धुम मात्र थोडा खातो. काही साउंडवाले याच्यावर तिसरा उपाय करतात, मिक्सरच्या प्लगची अर्थची पिनच मोडून टाकतात. गुणगुण खरोखर जाते. पण मिक्सरमध्ये कधी बिघाड झाला तर त्याच्या पत्र्यावरची वीज माइकवाटे बुवांच्या ओठांपर्यंत येऊ शकते. हा उपाय कुणी सुचवला तर त्याला प्रसादाच्या रांगेत पाठवावं.

फोन विमान मोडवर टाकायचा हे सांगायला नको, पण सांगतो, कारण ‘विठ्ठल विठ्ठल’च्या टिपेला रेकॉर्डिंग थांबवणारा कॉल हमखास क्रेडिट कार्डचा असतो.

आता वायर ठीक, फोन ठीक, आवाज स्वच्छ. आणि पहिल्या अभंगानंतर हेडफोन कानाला लावून कळतं की पखावाज जवळजवळ नाहीच. हॉलमध्ये तर तो छातीत घुमत होता! घुमत होता, पण स्पीकरमधून नव्हे, स्वतःच्या अंगानं. लहान हॉलमध्ये पखावाज आणि टाळ यांना माइक लागतच नाही, म्हणून साउंडवाला त्यांची पट्टी तळाशी ठेवतो आणि बुवांची वर. मिक्सरच्या मेन आउटमधून येतं ते हे गणित, हॉलमधला आवाज नाही. तिथं फोनचा काही दोष नसतो.

यासाठी मिक्सरवरचा ऑक्स सेंड वापरायचा. मिक्सरवर प्रत्येक माइकच्या बटणांच्या उभ्या रांगेत AUX लिहिलेलं एक गोल बटण असतं, आणि मागे त्याचं स्वतःचं बाहेर पडायचं भोक. (ते बॅलन्स्ड असण्याची शक्यता दाट. मोनो पिन. आठवलं?) या गोल बटणांनी आपल्यासाठी वेगळं मिश्रण करता येतं: पखावाज वर, बुवा थोडे खाली, पेटी मध्ये, टाळांना स्वतःचा माइक दिला असेल तर तो जेमतेम. ऑक्सच्या जवळ PRE आणि POST असा खटका असेल तर तो PRE वर ठेवायचा. म्हणजे साउंडवाल्यानं खालच्या पट्ट्या कितीही वर-खाली केल्या तरी आपल्या मिश्रणाला धक्का लागत नाही. तो शिट्टी आली म्हणून पट्टी खाली ओढतो, परत विसरतो, हॉलमध्ये बुवा बारीक होतात, आपल्या फाइलमध्ये जसेच्या तसे राहतात.

पातळी लावताना भजनाचा स्वभाव लक्षात घ्यावा. सुरुवातीचं ‘जय जय राम कृष्ण हरी’ शांत असतं, त्यावर विसंबून आवाज भरपूर ठेवला तर शेवटच्या गजरात, सगळे उभे राहून टाळ कुटायला लागले की, सगळं फाटतं. म्हणून शांत भागात ॲपचा काटा उणे २० डेसिबलच्या आसपास राहील एवढाच ठेवायचा, गजरात तो उणे १० किंवा ८ पर्यंत जाईल. कमी वाटलेला आवाज नंतर वाढवता येतो, फाटलेला शिवता येत नाही. वेव्ह फाइल, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, डावं-उजवं दोन्ही, म्हणजे तासाला एक जीबी आणि वर थोडं. अडीच तासांच्या भजनाला तीन जीबी रिकामे ठेवले की पुरे. त्यासाठी ‘शुभ सकाळ’चे फोटो पुसावे लागतील, त्याला इलाज नाही.

आणि ऑक्स प्री वर घेतल्याचा एक परिणाम मात्र आधीच सांगून ठेवतो. दोन अभंगांच्या मध्ये साउंडवाला शिस्तीत सगळ्या पट्ट्या खाली ओढतो. हॉलमध्ये शांतता पसरते. बुवांना वाटतं, माइक बंद आहे. पण प्रीवरचा ऑक्स पट्टीचं ऐकत नाही, तो सगळं घेत असतो, ४८ किलोहर्ट्झमध्ये, २४ बिटमध्ये, घरघर नाही, फाटणं नाही. त्यामुळे मंडळाच्या ग्रुपवर टाकण्याआधी फाइल पूर्ण ऐकावी आणि दुसऱ्या व तिसऱ्या अभंगाच्या मधली दीड मिनिटं कापावी. त्यात बुवा पखावाजवाल्याला यंदाच्या बिदागीबद्दल आणि सोसायटीच्या चहाबद्दल काय वाटतं ते अत्यंत स्वच्छ आवाजात सांगत असतात.